डेप्युटी मॅनेजर म्हणजे नक्की कोण?

चाकण, रांजणगाव किंवा वाळूजच्या कुठल्याही मोठ्या कारखान्यात हुद्द्यांची शिडी साधारण सारखीच असते. कॉलेजातून नुकता आलेला पोरगा वर्षभर जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी. मग इंजिनिअर, सीनियर इंजिनिअर, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, मॅनेजर, सीनियर मॅनेजर आणि त्याच्याही वर एजीएम, डीजीएम, जीएम. दर तीन-चार वर्षांनी एक पायरी चढायची. पायरी चढली की व्हिजिटिंग कार्ड बदलतं, पगार थोडा वाढतो, घरी पेढे येतात. टेबल आणि काम बहुतेक वेळा तेच राहतं.

आता हीच शिडी कुणी शब्दकोश हाताशी धरून जर्मनमध्ये उतरवायला घेतली तर काय होतं पाहा. असिस्टंट मॅनेजरमधला ‘असिस्टंट’ जर्मनमध्ये गेला की वाचणाऱ्याला साहेबांच्या बैठका, पत्रं आणि प्रवासाची तिकिटं सांभाळणारी व्यक्ती दिसते. पुढच्या पायरीवरच्या ‘डेप्युटी’चं भाषांतर होतं ‘श्टेलफरट्रेटेंडर लायटर’, म्हणजे विभागप्रमुख रजेवर असताना त्याच्या खुर्चीत बसून निर्णय घेणारा उपप्रमुख. पुण्यात झालेली एक साधी बढती स्टुटगार्टच्या टेबलावर अशी दिसते की, हा माणूस काल सेक्रेटरी होता आणि आज अर्धा साहेब झाला. दोन्ही गोष्टी खोट्या, आणि अर्जदाराने मात्र एकही शब्द खोटा लिहिलेला नाही.

घोळ होतो तो हुद्दा आणि काम या दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे. आपल्याकडच्या खासगी उद्योगात हुद्दा हा बऱ्याचदा वेतनश्रेणीचा शिक्का असतो. ‘डेप्युटी मॅनेजर’ या शब्दांतून त्या माणसाचा पगार कोणत्या पट्ट्यात आहे ते कळतं. त्याच्या हाताखाली कुणी आहे का, हे कळत नाही. जर्मन कारखान्यात ‘टीमलायटर’, ‘ग्रुपेनलायटर’, ‘आबटायलुंग्सलायटर’ ही नावं सहसा खुर्चीची असतात. टीम, गट, विभाग असं काहीतरी खरोखर त्या माणसाच्या ताब्यात असतं.

हुद्द्यावरून काम ठरत नाही हे आपल्या न्यायालयांना फार आधीपासून ठाऊक आहे, ही यातली गंमत. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ कोण याची व्याख्या होती आणि व्यवस्थापकीय काम करणारा तीत बसत नव्हता. त्यामुळे एखाद्याला ‘ऑफिसर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असं नाव दिलं की तो कायद्याच्या कक्षेबाहेर गेला, असा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षं करत आल्या. त्यावर न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की, पाटी काय लावली आहे हे महत्त्वाचं नाही; माणूस मुख्यतः काय काम करत होता ते दाखवा. परदेशी अर्ज लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्नही हाच आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. ते कुणा एका माणसाचं नाही. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात अशी मंडळी डझनांनी सापडतील. वय चौतीस, बी. ई. मेकॅनिकल, अकरा वर्षांचा अनुभव. मोटारींचे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याच्या वेल्ड शॉपमध्ये तीन वर्षांपासून डेप्युटी मॅनेजर, प्रॉडक्शन. जर्मनीत अशाच एका पुरवठादाराकडे वेल्ड शॉपच्या टीमलायटरची जागा निघाली आहे. त्याच्या जुन्या इंग्रजी रेझ्युमेतल्या तीन ओळींचा मराठी अर्थ असा: एकशे वीस माणसांचं व्यवस्थापन केलं, आठ कोटींच्या भांडवली गुंतवणुकीची जबाबदारी सांभाळली, वार्षिक 38 लाखांची बचत केली.

तिन्ही ओळींवर मित्रमंडळी खूश होतील. जर्मन वाचणारा मात्र तिन्हींपाशी थांबेल.

आधी माणसांची ओळ. तिच्यावर काहीही लिहिण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर स्वतःच्या वरच्या दोन पायऱ्या आणि खालच्या सगळ्या पायऱ्या काढाव्यात. आपला इंजिनिअर मॅनेजरला रिपोर्ट करतो, मॅनेजर डीजीएमला. खाली दोन इंजिनिअर आणि चार सुपरवायझर. तीन सुपरवायझर तीन शिफ्टचे, चौथा रिवर्क आणि सुट्ट्यांच्या बदलीसाठी. त्या सुपरवायझरांच्या खाली तीन शिफ्ट मिळून एकशे वीस ऑपरेटर. त्यांतले बहुतेक कंत्राटी, म्हणजे त्यांची हजेरी, पगार आणि काढणं-ठेवणं ठेकेदाराकडे. उरलेले काही शिकाऊ.

मग हा एकशे वीस माणसांचा साहेब आहे की नाही? जर्मनीत या प्रश्नाला दोन उत्तरं असतात आणि दोन्हींसाठी तयार शब्द आहेत. एक ‘फाखलिश’ नेतृत्व: कामाची आखणी, कुणी कोणत्या स्टेशनवर उभं राहायचं, काय शिकायचं, हे सांगण्याचा अधिकार. दुसरं ‘डिसिप्लिनारिश’ नेतृत्व: रजा मंजूर करणं, वार्षिक मूल्यमापन लिहिणं, पगारवाढ सुचवणं, लेखी समज देणं. जर्मन रेझ्युमेत माणसांचा आकडा आला की तो यातल्या कोणत्या अर्थाने आहे, हे लिहिण्याची रीत आहे. आपल्या इंजिनिअरने मूल्यमापन लिहिलं ते सहाजणांचं. म्हणून त्याची खरी ओळ अशी होते: सहाजणांचं डिसिप्लिनारिश नेतृत्व, त्यांच्यामार्फत तीन शिफ्टमधल्या सुमारे 120 ऑपरेटरचं फाखलिश मार्गदर्शन, त्यांतले बहुसंख्य कंत्राटी.

ही ओळ वाचून कुणाला वाटेल, एकशे वीसचे सहा झाले, नुकसान झालं. नुकसान दुसऱ्याच वाटेने होतं. मुलाखतीत कारखानाप्रमुख सहज विचारतो, तुम्ही शेवटची लेखी समज कुणाला आणि कशासाठी दिली होती? ज्याने कधी कुणाला समज दिलेली नाही तो या प्रश्नावर चाचपडतो, आणि मग उरलेल्या दोन ओळींवरही शंका धरली जाते. उलट बाजूही तितकीच खरी. नम्रपणे नुसतं ‘प्रॉडक्शन विभागात काम केलं’ असं लिहिलं तर सहा मूल्यमापनं, तीन शिफ्टची आखणी आणि रात्रपाळीतले फोन हे सगळं वाचणाऱ्याच्या हिशेबातून वजा होतं.

इथे मराठी माणसाची एक खास अडचण येते. आपल्याकडे ‘प्रॉडक्शन मी बघतो’ या वाक्यातला ‘बघतो’ फार मोठा आहे. शेत बघणारा, दुकान बघणारा, सगळी फॅक्टरी बघणारा, सगळ्यांना तोच शब्द पुरतो. ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळतं की किती बघतो. ‘सांभाळतो’चंही तसंच. हे शब्द इंग्रजीत ‘लुकिंग आफ्टर’ आणि ‘हँडलिंग’ होऊन हजारो भारतीय रेझ्युमेंत बसले आहेत. परक्या वाचकाला त्यातून नुसती देखभाल दिसते, निर्णय दिसत नाही. म्हणून प्रत्येक ‘बघतो’च्या जागी प्रत्यक्ष क्रियापद शोधावं लागतं: आखलं, मंजूर केलं, तपासलं, सुचवलं, बसवून घेतलं, बंद केलं. यांतलं कोणतं आपलं आणि कोणतं साहेबांचं, हे त्या शोधातच लक्षात येतं.

आठ कोटींच्या ओळीचं तेच. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीत कुणी किती रकमेपर्यंत सही करायची याचा लेखी तक्ता असतो. आपला इंजिनिअर पन्नास हजार रुपयांपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करू शकत होता. नव्या रोबोट लाइनच्या आठ कोटींच्या प्रस्तावात त्याने क्षमतेचं गणित मांडलं, दोन पुरवठादारांच्या चाचण्या घेतल्या आणि मंजुरीनंतर लाइन उभी करून घेतली. सही डीजीएमची होती. अशा वेळी ‘बजेटची जबाबदारी’ लिहिणं खोटं, आणि काहीच न लिहिणं मूर्खपणा. ‘आठ कोटींच्या लाइनचं तांत्रिक नियोजन, पुरवठादार-चाचणी आणि उभारणी; मंजुरी व्यवस्थापनाची’ असं लिहिलं की मोठेपणा जिथे आहे तिथेच दिसतो. अनेक नवशिके सहीच्या अधिकाराचं भाषांतर ‘प्रोकुरिस्ट’ असं करून टाकतात. तो शब्द तर मुळीच वापरू नये. प्रोकुरिस्ट म्हणजे जर्मन व्यापारी कायद्याने कंपनीला बांधून टाकणारे व्यवहार करण्याचा अधिकार मिळालेला माणूस. त्याचं नाव सरकारी व्यापार-नोंदवहीत असतं आणि ते कुणालाही पाहता येतं.

आता बचत. 38 लाख हा आकडा युरोत नेला, युरो नव्वद ते शंभर रुपयांच्या घरात धरला, तर साधारण चाळीस हजार होतो. जर्मन कारखान्यात एका कुशल कामगाराचा वर्षाचा खर्च याहून जास्त असतो. चाकणमध्ये ज्यावर टाळ्या पडल्या ती कामगिरी तिथे चहापाण्याची वाटेल. रकमेचं भाषांतर अचूक आणि मोठेपणाचं भाषांतर चुकीचं, असा हा प्रकार.

यावर उपाय म्हणजे पैशाच्या मागे जाऊन मूळ मोजमाप काढणं. बचत झाली कशी? वेल्ड शॉपमध्ये एका भागाचं रिवर्क सहा टक्के होतं, ते अडीच टक्क्यांवर आलं. याने शिफ्टनिहाय नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा दिसलं की सुटणारे स्पॉट बहुतेक वेळा इलेक्ट्रोडच्या टोकाचं आयुष्य संपत आल्यावरचे आहेत. टिप ड्रेसिंग दर चारशे स्पॉटनंतर होत होतं; त्याने ते अडीचशेवर आणलं. शिवाय फिक्श्चरवरच्या दोन क्लॅम्पची जागा बदलायला लावली. फिक्श्चरचं नवं डिझाइन टूलिंग पुरवठादाराने केलं, रोबोटचा प्रोग्रॅम मेंटेनन्सने बदलला. रिवर्कची टक्केवारी आणि टिप ड्रेसिंगचं अंतर स्टुटगार्टच्या माणसाला एका नजरेत कळतं, कारण त्याच्या लाइनवरही तेच दुखणं असतं. रुपयांचा आकडा ठेवायचाच तर तो शेवटी, भारतातल्या खर्चाच्या हिशेबाने, असं म्हणून ठेवावा.

या कामगिरीत ‘आम्ही’ किती आणि ‘मी’ किती, हा प्रश्नही इथेच सुटतो. आपल्याकडे यशाच्या गोष्टीत ‘मी’ म्हणणं उर्मटपणाचं समजतात. ‘टीमने केलं’ म्हणावं हे संस्कार. ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी इंजिनिअरांची पात्रता तपासणारी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही संस्था अनेक अर्जदारांकडून कामाचे तीन प्रसंग लिहून मागते आणि ते प्रथमपुरुषी एकवचनातच हवेत असं बजावते. गटाने काय केलं ते त्यांना नको असतं. अर्जदाराने स्वतः काय केलं ते हवं असतं. ही शिस्त जर्मनीच्या अर्जालाही उपयोगी पडते. नोंदींचं विश्लेषण आणि ड्रेसिंगचा निर्णय याचा, डिझाइन पुरवठादाराचं, प्रोग्रॅम मेंटेनन्सचा. एवढं वेगळं केलं की ‘मी’ लिहायला संकोच वाटत नाही, कारण दुसऱ्याचं काही आपल्या खिशात घातलेलं नसतं.

आकडे लिहिण्यातली एक बारीक खोच सांगायला हवी. जर्मनमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी टिंब वापरतात. आपल्या पद्धतीने लिहिलेलं 1.250 मिनिटं हे सव्वा मिनिट तिथे साडेबाराशे मिनिटं म्हणून वाचलं जाऊ शकतं. लाख-कोटींचे स्वल्पविराम तर कुणालाच कळत नाहीत.

मग हुद्द्याचं शेवटी काय करायचं? मूळ हुद्दा नेमणूकपत्रावर जसा आहे तसाच, इंग्रजीत ठेवायचा. त्याला हात लावायचा नाही, कारण जर्मन अर्जासोबत जुनी प्रमाणपत्रं जोडायची असतात आणि रेझ्युमेत एक, कागदावर दुसरं असं दिसलं की खुलाशाला जागा उरत नाही. त्याच्या शेजारी किंवा खाली, तो हुद्दा नसून काम आहे हे स्पष्ट दिसेल अशा रीतीने, जर्मन समतुल्य लिहायचं. आपल्या इंजिनिअरसाठी ते असं: डेप्युटी मॅनेजर, प्रॉडक्शन, कार्य टीमलायटरच्या समकक्ष, वेल्ड शॉपची एक लाइन, तीन शिफ्ट. आणखी एक ओळ कंपनीची: काय बनवते, किती माणसं, कुणाला पुरवते. आपल्याला जे नाव घरोघरी ठाऊक असतं ते तिथे कुणी ऐकलेलंही नसतं, आणि दोनशे माणसांच्या कारखान्यातला मॅनेजर व दोन हजारांच्या कारखान्यातला डेप्युटी मॅनेजर यांत कोण मोठा, हे वाचणाऱ्याला त्या ओळीवरूनच ठरवता येतं.

असे फसवे जोड इतर धंद्यांतही आहेत. आपल्या इस्पितळात प्रत्येक नर्स ‘सिस्टर’. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ‘सिस्टर’ हे वॉर्डातलं वरिष्ठ पद आहे, आणि आपली स्टाफ नर्स तिथे नोंदणीनंतर साधारणपणे पाचव्या बँडपासून सुरुवात करते. तिथल्या सिस्टरच्या जवळ जाणारी आपली बाई म्हणजे ‘इन्चार्ज सिस्टर’. याउलट स्टेट बँकेचा चीफ मॅनेजर परदेशी बँकेच्या व्हाइस प्रेसिडेंटपुढे उगाच दबतो. अमेरिकी बँकांत व्हाइस प्रेसिडेंट ही मधल्या फळीतली पदवी असते आणि एकेका बँकेत असे शेकड्यांनी असतात.

सगळ्यांत महागात पडणारा जोड मात्र ‘डिप्लोमा’चा आहे. आपला डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निकमध्ये मिळतो. जर्मनीतलं ‘डिप्लोम’ ही युरोपात बॅचलर-मास्टर पद्धत रुळण्याआधीची विद्यापीठाची पूर्ण पदवी, आणि ‘डिप्लोम-इंजिनिअर’ ही नावामागे लावायची मानाची उपाधी. डिप्लोमाधारकाने सरळ ‘डिप्लोम’ लिहिलं तर तो नकळत चार-पाच वर्षांचं विद्यापीठ स्वतःच्या नावावर चढवतो. ‘इंजिनिअर’ ही संज्ञासुद्धा तिथे राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित आहे, आणि नसलेली शैक्षणिक पदवी लावणं हा फौजदारी गुन्हा आहे. शिक्षणाचं नाव मूळ भाषेतच ठेवून पुढे कालावधी आणि प्रवेशाची अट लिहिणं हाच सुरक्षित मार्ग. ‘मायस्टर’ हा शब्दही असाच टाळावा. अनुभवी सुपरवायझरला तो सहज चिकटवला जातो, पण तिथे त्यासाठी परीक्षा द्यावी लागते.

वाढवून लिहिण्याचा परिणाम देशागणिक बदलतो. जर्मनीत कंपनीची जाणूनबुजून फसवणूक करून नोकरी मिळवली असं ठरलं, तर ती कंपनी करारच रद्दबातल करू शकते, आणि हे समजल्यापासून वर्षभर तिला तो हक्क असतो. कॅनडात स्थलांतराच्या अर्जात महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगितली तर पाच वर्षं दार बंद. तिथे अनुभवाचा वर्ग ठरवताना अधिकारी हुद्द्यावर जात नाहीत. त्या व्यवसायाच्या सरकारी वर्णनातली मुख्य कामं अर्जदाराने प्रत्यक्ष केली का, हे नोकरीच्या पत्रातून तपासतात. ‘मॅनेजर’ लिहिलं म्हणून व्यवस्थापकाच्या वर्गात अर्ज टाकायचा आणि पत्रातली कामं इंजिनिअरची निघायची, हा तिथला नेहमीचा अपघात.

कमी लिहिण्याची शिक्षा निमूट असते. दक्षिण जर्मनीत, बाडेन-व्युर्टेंबर्गच्या धातू उद्योगात, सामूहिक करारानुसार पगाराचे सतरा गट आहेत, आणि गट ठरतो तो कामाच्या स्वरूपावर. तिथे उमेदवाराने स्वतःला मदतनिसासारखं मांडलं तर त्याच्यासमोर कामच खालच्या गटातलं ठेवलं जातं, आणि हे त्याला कळायला कधीकधी दोन वर्षं लागतात.

राहिला एक कागद, जो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: रिलिव्हिंग लेटर. आपल्याकडे त्याचा ठरलेला साचा आहे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते, वर्तणूक व काम ‘सॅटिसफॅक्टरी’ होतं, पुढील वाटचालीस शुभेच्छा. एचआर हे वाक्य सगळ्यांना देतं, चांगल्यालाही आणि वाईटालाही. जर्मनीत नोकरीच्या प्रमाणपत्राची स्वतःची सांकेतिक भाषा आहे. ‘नेहमी, आमच्या पूर्णतम समाधानापर्यंत’ म्हणजे पहिला दर्जा. ‘आमच्या पूर्ण समाधानापर्यंत’ म्हणजे तिसरा, मध्यम. नुसतं ‘आमच्या समाधानापर्यंत’ म्हणजे चौथा, जेमतेम पास. शपथबद्ध भाषांतरकार आपलं ‘सॅटिसफॅक्टरी’ जसंच्या तसं उतरवतो, कारण त्याला मजकूर सुधारण्याचा अधिकार नाही, आणि अकरा वर्षं राबलेला माणूस कागदावर काठावर पास होतो. जर्मनीतल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 2014 साली तिसरा दर्जा हाच सरासरी मानला आणि त्याहून वरचा हवा असेल तर कामगाराने कामगिरी सिद्ध करावी असं सांगितलं. चौथा दर्जा तिथे काय सांगत असेल, ते यावरून कळावं.

म्हणून राजीनामा देण्याच्या आधी, साहेबांशी संबंध गोड असताना, एचआरकडे साच्याबाहेरचं पत्र मागावं: लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, हुद्दा, तारखा, मुख्य कामं, हाताखालची माणसं आणि कामगिरीबद्दल एक खरं वाक्य. मसुदा आपणच करून न्यावा, म्हणजे त्यांनाही सोपं जातं. आणि त्यात सहाच्या जागी एकशे वीस लिहू नये.